पत्रातला एक परिच्छेद आणि ॲल्युमिनियमची डबी

मला ज्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे आठ आठवडे काम करायचं होतं, तिथे सुपरकंडक्टिंग क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूळ घटक, बनवतात आणि मोजतात. अर्जात तीनच गोष्टी मागितल्या होत्या: गुणपत्रक, एका शिक्षकांचं शिफारसपत्र आणि एका पानात बसेल असं कव्हर लेटर. पहिल्या दोन गोष्टी एका दिवसात झाल्या. पत्राला मात्र बारा दिवस लागले. त्यातले सात दिवस मी पत्र लिहीतच नव्हते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुनं मोजमाप नव्याने करत होते. पत्र लिहिताना असं का झालं, ते सविस्तर लिहून ठेवते आहे. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि हार्डवेअरकडे जाऊ पाहणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. क्वांटम संगणक जग कसं बदलणार आहे, इथून सुरुवात होती. मग शाळेत असल्यापासून या विषयाचं वेड कसं आहे, ते. मग दोन ऑनलाइन कोर्स, सिम्युलेटरवर चालवलेला ग्रोव्हरचा अल्गोरिदम, पायथनवर 'उत्तम प्रभुत्व'. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात माझ्या प्रोजेक्टबद्दल दीड ओळ होती. आणि अखेरीस, 'आपल्या मार्गदर्शनाखाली नव्या प्रकारच्या क्यूबिटची रचना करून त्याचा कोहेरन्स मोजण्याची माझी इच्छा आहे.' कोहेरन्स म्हणजे क्यूबिट आपली क्वांटम अवस्था किती वेळ टिकवतो ते. मला ते पत्र मनापासून आवडलं होतं.

आमच्याच विभागातून पुढे गेलेली एक ताई अशाच एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. तिला मसुदा पाठवला. रात्री तिचा फोन आला.

"अगं, तुला क्वांटम आवडतं हे कळलं. पण तू आजवर मोजलंयस काय? ते कुठे आहे?"

"प्रोजेक्टचं लिहिलंय ना ताई, खाली."

"दीड ओळ. आणि ती एकच ओळ मी दोनदा वाचली, बाकीचं सगळं मला आधीच माहीत होतं."

मग ती जे बोलली ते मी वहीत उतरवून घेतलं. हार्डवेअरच्या प्रयोगशाळेत असं पत्र वाचणारा माणूस एकच गोष्ट शोधत असतो. या मुलीच्या हातात उपकरण देऊन मी तासभर बाहेर गेलो, तर पडद्यावरची रेघ चुकीचं सांगत असताना हिला ते कळेल का? ग्रोव्हरचा अल्गोरिदम चालवता येणं चांगलंच, पण त्यातून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. सिम्युलेटरला केबल नसते, कनेक्टर सैल होत नाही.

'नव्या क्यूबिटची रचना' या वाक्यावर ती जास्त वेळ थांबली. तिने मला हिशोब करायला लावला. डायल्यूशन रेफ्रिजरेटर, म्हणजे ज्यात क्यूबिटची चिप १०-२० मिलिकेल्विनपर्यंत थंड करतात ते यंत्र, खोलीच्या तापमानापासून खाली यायला एक-दोन दिवस घेतं. परत वर यायलाही साधारण तेवढाच वेळ. मधले दिवस मोजमापाचे. त्याआधी चिप बनवायला काही आठवडे, आणि यंत्रात जागा मिळायला रांग, कारण प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला तेच यंत्र हवं असतं. आठ आठवड्यांत असे फेरे मोजकेच होतात, आणि त्यातला एक फेरा नवख्या मुलीसाठी राखून ठेवणं कुणालाच परवडत नाही. "तू लिहिलेलं काम मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मिळालं," ताई म्हणाली. "आठ आठवड्यांत तुला काय देता येईल ते त्यांना सुचू दे. त्यासाठी तू काय करतेस ते सांग."

ते वाक्य मी खोडलं. ग्रोव्हरही खोडला, तेव्हा जिवावर आलं होतं, कारण त्यावर मी एक महिना घालवला होता. प्रोजेक्टची दीड ओळ उचलून वर आणली आणि तिचा परिच्छेद करायला बसले.

प्रोजेक्ट असा होता. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात आतून ३० बाय ३० मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर उंच अशी पोकळी, म्हणजे कॅव्हिटी, कोरलेली, वर स्क्रूने बसणारं झाकण. तळाला दोन कनेक्टर, त्यांच्या पिना पोकळीत थोड्या आत आलेल्या. एका पिनेतून मायक्रोवेव्ह आत सोडायची, दुसरीतून बाहेर किती येते ते व्हेक्टर नेटवर्क अनालायझरवर बघायचं. डबी फक्त ठरावीक वारंवारितांनाच दाद देते. सगळ्यात खालची वारंवारिता पोकळीच्या लांबी-रुंदीवरून काढली तर ७.०७ गिगाहर्ट्झ येते, आम्हाला ७.०६ ला शिखर दिसलं. शिखर जितकं अरुंद, तितकी डबीत ऊर्जा जास्त वेळ टिकते. वारंवारितेला शिखराच्या रुंदीने भागलं की मिळणारा आकडा म्हणजे क्वालिटी फॅक्टर, आम्ही सगळे त्याला नुसतं क्यू म्हणतो. आमची रुंदी ३.३० मेगाहर्ट्झ होती, म्हणजे क्यू २१४०. भिंती शुद्ध ॲल्युमिनियमच्या धरून सैद्धांतिक क्यू सुमारे ८५०० येतो.

परिच्छेदात मी लिहिलं: 'मोजलेला क्यू २१४०, अपेक्षित ८५००, हा फरक भिंतींच्या खडबडीतपणामुळे आहे.' प्रोजेक्टच्या अहवालातही असंच होतं आणि त्यावर मला चांगले गुण मिळाले होते.

ताईने दुसऱ्या दिवशी मसुदा परत पाठवला. सगळ्या परिच्छेदात एकच शब्द लाल केला होता, 'मुळे'. बाजूला प्रश्न: हे तुला कसं कळलं?

मला कळलेलं नव्हतं. खडबडीतपणा मी मोजला नव्हता, भिंत घासून पुन्हा क्यू बघितला नव्हता. आकडा कमी आला होता, एक कारण पुस्तकात सापडलं होतं, ते मी चिकटवलं होतं. अहवालात ते खपून गेलं. पण आता हे वाक्य अशा माणसापुढे जाणार होतं, ज्याचा दिवसच मुळी अशा डबीसारख्या रेझोनेटरमधली ऊर्जा कुठे जाते हे शोधण्यात जातो. मी अहवाल घेऊन प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी डबीचा फोटो बघितला आणि विचारलं, "पिना किती आत आहेत?"

चारेक मिलिमीटर होत्या. चांगलं ठळक शिखर दिसावं म्हणून आम्हीच तशा ठेवल्या होत्या.

मॅडमनी घंटेचं उदाहरण दिलं. देवळातली घंटा वाजवून हात सोडला तर ती घुमत राहते. तीच घंटा हातात धरून वाजवली तर आवाज लगेच विझतो. त्यात घंटेच्या धातूचा काही दोष नसतो. आमच्या पिना म्हणजे घंटेवर ठेवलेला हात. पिनेतून आम्ही ऊर्जा आत सोडत होतो, पण त्याच वाटेने ती बाहेरही निघून जात होती. २१४० हा डबीचा एकटीचा क्यू नव्हताच. तो डबी, दोन पिना आणि त्यांना जोडलेल्या केबल या सगळ्यांचा मिळून होता. याला लोडेड क्यू म्हणतात. डबीचा स्वतःचा, म्हणजे इंटर्नल क्यू वेगळा काढावा लागतो.

हे पाठ्यपुस्तकात होतं. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं. तरी स्वतःच्या डबीसमोर उभी असताना मला ते आठवलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस होते. मॅडमनी प्रयोगशाळेची किल्ली दिली.

पिना कापायची गरज पडली नाही. कनेक्टरच्या फ्लँजखाली पितळी वॉशर घालत गेलं की पिना तेवढ्या मागे सरकतात, आणि वॉशर काढले की पुन्हा जागच्या जागी येतात. कनेक्टर तळाला असल्याने झाकणाला हात लावावा लागत नाही. हे किती महत्त्वाचं होतं ते मला पुढे कळलं. वॉशर घातल्यावर शिखर अरुंद होत गेलं आणि खालीही बसत गेलं. सगळ्यात मागे सरकवल्यावर रुंदी १.३६ मेगाहर्ट्झ राहिली, म्हणजे लोडेड क्यू ५१९०. शिखराची उंची आधी उणे ५.५ डेसिबल होती, ती उणे ३१.१ झाली. नुसत्या पिना मागे घेतल्याने क्यू दुपटीहून जास्त वाढला होता. भिंती त्याच, त्यांचा खडबडीतपणाही तोच.

दोन्ही पिनांची जोडणी सारखी असेल तर शिखराच्या उंचीवरून इंटर्नल क्यू काढता येतो. पिनांमधून जितकी जास्त ऊर्जा जाते, तितकं शिखर उंच. सूत्र एका ओळीचं आहे:

```
Qi = QL / (1 - 10**(S21_dB / 20))
```

इथे `QL` म्हणजे लोडेड क्यू आणि `S21_dB` म्हणजे शिखराची डेसिबलमधली उंची. पिना मागे असतानाचं मोजमाप घातलं तर ५३४० आले. पिना आत असतानाचं घातलं तर ४५६०.

इथे मी अडकले. इंटर्नल क्यू डबीचा असतो, पिनांचा नाही. पिना कुठेही ठेवा, तो तोच यायला हवा. मी दोन ठिकाणांहून एकच वस्तू मोजली होती आणि उत्तरात सातशे-आठशेचा फरक होता. सरळ ५३४० लिहून पत्र पाठवून द्यावं, असा विचार त्या संध्याकाळी माझ्या मनात आला. पत्रात दुसरा आकडा द्यायची गरजच नव्हती. पण मग ताईने 'मुळे' लाल केला होता त्याचा अर्थच राहिला नसता.

आधी वाटलं, दोन पिना सारख्या नसतील. ते तपासणं सोपं होतं: दोन्ही बाजूंनी परावर्तन बघितलं, त्या वक्रांतले दोन्हीकडचे खड्डे जवळजवळ सारखेच खोल होते. मग वाटलं, शिखराची रुंदी डोळ्याने वाचताना चूक होत असेल. सगळा वक्र पायथनमध्ये घेऊन त्यावर लॉरेंझियन, म्हणजे अशा शिखराचा सैद्धांतिक आकार, बसवला, रुंदी तीच आली. यात दोन दिवस गेले.

चूक सापडली ती केबलमध्ये. अनालायझर आपल्या तोंडापाशी मोजतो, आणि तिथून डबीपर्यंत दोन केबल होत्या. मोजमापाआधी केबलची टोकं एकमेकांना जोडून कॅलिब्रेशन करायचं असतं, म्हणजे केबलमध्ये जे हरवतं ते वजा होतं. मी ते केलं नव्हतं. रुंदी मोजायला त्याची गरज पडत नाही, कारण केबल शिखर रुंद करत नाही, फक्त खाली ओढते. म्हणून प्रोजेक्टभर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. टोकं जोडून बघितलं तर ७ गिगाहर्ट्झला १.१ डेसिबल वाटेतच जात होते.

हा १.१ डेसिबल एका मोजमापाला एवढा का भोवला आणि दुसऱ्याला का नाही, हे सूत्र बघितलं की कळतं. पिना आत असताना एकातून साधारण ०.५३ वजा होत होते. त्यात दहा-बारा टक्के चूक म्हणजे उत्तरात मोठी उलथापालथ. पिना मागे असताना एकातून जेमतेम ०.०३ वजा होतात. त्यात तेवढीच चूक असली तरी उत्तर जागचं हलत नाही. कॅलिब्रेशन करून दोन्ही पुन्हा मोजले. पिना आत: उणे ४.४ डेसिबल, इंटर्नल क्यू ५३८०. पिना मागे: उणे ३० डेसिबल, इंटर्नल क्यू ५३६०. ते दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि मी प्रयोगशाळेत एकटीच होते. आनंद झाला, तो कुणाला सांगायला ताईलाच फोन केला.

राहिला प्रश्न ५३७० ते ८५०० मधल्या फरकाचा. पुन्हा खडबडीतपणा लिहायचा मोह होता, पण आता माझ्याकडे मोजायला एक खरीखुरी गोष्ट होती: झाकण. या डबीत त्या वारंवारितेला भिंतींमधला विद्युतप्रवाह उभा वाहतो, तळाकडून झाकणाकडे आणि परत. झाकणाचा सांधा आडवा आहे. म्हणजे सगळा प्रवाह तो सांधा ओलांडूनच जातो, आणि दोन धातू जिथे नीट टेकलेले नाहीत तिथे त्याला रोध होतो. मी झाकणाचे स्क्रू मुद्दाम अर्धवट सैल केले, इंटर्नल क्यू तीन हजारांच्या आसपास घसरला. मग पाच वेळा झाकण पूर्ण उघडलं, पुसलं, पुन्हा आवळलं आणि प्रत्येक वेळी मोजलं. ४९०० ते ५४०० असे आकडे आले. सांधा क्यू खातो हे एवढ्यावरून ठरलं. सगळा फरक त्याचाच आहे, हे मात्र ठरलं नाही. आमचा ठोकळा शुद्ध ॲल्युमिनियमचा नव्हता, मिश्रधातूचा होता, आणि मिश्रधातूची वाहकता कमी असते. किती कमी, ते मी मोजलं नव्हतं.

आता 'आपलीच प्रयोगशाळा का' या परिच्छेदाचं सांगते, कारण तो या सांध्यामुळेच सुटला. पहिल्या मसुद्यात मी त्या प्रयोगशाळेच्या तीन शोधनिबंधांची नावं दिली होती आणि तिन्ही 'प्रेरणादायी' म्हटले होते. वाचले होते फक्त सारांश. झाकणाचे स्क्रू आवळत असताना त्यातला एक निबंध पुन्हा उघडला आणि त्यातल्या उपकरणाच्या चित्राकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्यांचीही ॲल्युमिनियमची डबीच होती, क्यूबिट आत बसवण्यासाठी. हान्ही पाइक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ट्रान्समॉन या प्रकारचा सुपरकंडक्टिंग क्यूबिट अशा डबीत ठेवून दाखवला आणि १०-२० मायक्रोसेकंद टिकणारा कोहेरन्स मिळवला, तेव्हापासून ही रचना रुळली आहे. पण निबंधातल्या डबीला झाकण नव्हतं. ती उभी मधोमध कापलेल्या दोन अर्ध्या भागांची होती.

तो काप तिथेच का, हे चित्राखाली लिहिलेलं नव्हतं. मला ते कळलं, कारण माझी डबी समोर होती. उभा काप बरोबर मधोमध घेतला तर बाजूच्या भिंतींतला प्रवाह त्याला समांतर वाहतो, आणि वरच्या-खालच्या भिंतींतला प्रवाह मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पांगतो. सांधा ओलांडायची वेळ कुणावरच येत नाही. साध्या तापमानाला माझ्या डबीत सांध्याने क्यूचा एक वाटा खाल्ला, एवढंच. ॲल्युमिनियम १.२ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं, तेव्हा भिंतींचा स्वतःचा ऱ्हास जवळपास संपतो आणि अशा डब्यांचे क्यू दहा लाखांच्या पुढे जातात. तिथे नीट न टेकलेला सांधा उरलाच, तर आकडा तोच ठरवतो. मी ज्याला माझ्या प्रोजेक्टमधला किरकोळ दोष समजत होते, ती त्यांची रोजची चिंता होती.

मग पत्र एका दुपारी लिहून झालं. ते इंग्रजीत होतं. त्यातले मधले दोन परिच्छेद इथे मराठीत देते.

> शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी ७.०६ गिगाहर्ट्झच्या ॲल्युमिनियम कॅव्हिटीचा क्वालिटी फॅक्टर मोजला. अहवालात मी २१४० हा आकडा दिला आणि अपेक्षेपेक्षा तो कमी येण्याचं कारण भिंतींचा खडबडीतपणा असं लिहिलं. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. २१४० हा लोडेड क्यू होता. पिनांची खोली बदलून दोनदा मोजल्यावर इंटर्नल क्यू ४५६० आणि ५३४० असा वेगवेगळा आला. हे विसंगत असल्याने कारण शोधलं आणि केबलमधला १.१ डेसिबलचा ऱ्हास वजा केलेला नाही हे लक्षात आलं. कॅलिब्रेशननंतर दोन्ही मोजमापं ५३८० आणि ५३६० अशी जुळतात. झाकण पाच वेळा उघडून बसवल्यावर आकडा ४९०० ते ५४०० मध्ये फिरतो, म्हणजे सांध्याचा ऱ्हास लक्षणीय आहे. सैद्धांतिक ८५०० पर्यंतच्या उरलेल्या फरकात मिश्रधातूच्या वाहकतेचा वाटा किती, हे मी अजून मोजलेलं नाही.
>
> आपल्या निबंधातली कॅव्हिटी मध्य प्रतलात कापलेली आहे. माझ्या डबीचा सांधा प्रवाहाला आडवा आहे, त्यामुळे आपल्या रचनेचं कारण मला माझ्या मोजमापांतून समजलं. डायल्यूशन रेफ्रिजरेटरवर मी काम केलेलं नाही. नेटवर्क अनालायझर कॅलिब्रेट करणं, पायथनमधून त्याची मोजमापं घेणं आणि वक्र बसवणं मी स्वतंत्रपणे करू शकते. थंड करण्याआधी खोलीच्या तापमानाला करायच्या कॅव्हिटी व केबलच्या तपासण्या, किंवा आधीच्या फेऱ्यांतल्या मोजमापांचं विश्लेषण, असं काम दिल्यास मी पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडेन असं मला वाटतं.

आधीच्या परिच्छेदात मी कोण, कोणत्या वर्षाला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळी, एवढंच होतं. शेवटच्यात मॅडमचं नाव आणि अहवाल व कोड जोडल्याचा उल्लेख. सगळं मिळून पाऊण पान.

अहवालातली चूक पत्रात सांगायची की नाही, यावर मॅडमचं आणि ताईचं एकमत नव्हतं. मॅडमना वाटत होतं, सरळ शेवटचा आकडा द्यावा. गुणपत्रकात त्याच प्रोजेक्टचे गुण आहेत, उगाच शंका कशाला? ताई म्हणाली, शेवटचा आकडा कुणीही देऊ शकतं; तो बरोबर आहे हे तुला कसं कळलं, तेच वाचण्यासारखं आहे. मी ताईचं ऐकलं, पण अहवालात दुरुस्तीचं पान जोडून, मॅडमची सही घेऊन. तसं केलं नसतं तर जोडलेला अहवाल एक सांगतो आणि पत्र दुसरंच, असं झालं असतं.

'डायल्यूशन रेफ्रिजरेटरवर मी काम केलेलं नाही' हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि तीन वेळा परत लिहिलं. शेवटी ठेवलं, कारण त्याच्यानंतरच्या वाक्यांना वजन त्याच्यामुळे येत होतं. 'पायथनवर उत्तम प्रभुत्व' मात्र गेलं. मी पायथनमध्ये नेमकं काय करते, ते सांगितल्यावर प्रभुत्वाचं माप वाचणारा स्वतःच काढणार होता.

पाठवण्याआधी एक गोष्ट राहून गेली असती. दुसऱ्या एका प्रयोगशाळेसाठी मी याच पत्राची प्रत केली होती, आणि तिथे कॅव्हिटीऐवजी चिपवरचे रेझोनेटर वापरतात. त्या प्रतीतही मध्य प्रतलातल्या कापाचं वाक्य तसंच राहिलं होतं. चिपवरच्या रेझोनेटरला असा सांधाच नसतो. तिथे ऊर्जा खातात ते मुख्यतः पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या थरांतले सूक्ष्म दोष. नाव बदलून पत्र दुसरीकडे पाठवता येतं, पण तो परिच्छेद तसा पाठवता येत नव्हता. तिथे मी अर्ज केलाच नाही. त्यांचं काम तेवढं खोलात वाचायला वेळ उरला नव्हता.

अठरा दिवसांनी मेल आला, वीस मिनिटं बोलायचं आहे म्हणून. कॉलवर प्रयोगशाळेचे प्रमुख आणि एक पोस्टडॉक होते. माझं पत्र पडद्यावर उघडलेलं होतं. क्वांटम मेकॅनिक्सवर एकही प्रश्न आला नाही. पोस्टडॉकने विचारलं, "पिना मागे घेताना डबी उघडली होती का? कारण झाकण पुन्हा बसवल्याने आकडा पाचशेने हलतो असं तूच लिहिलंयस. मग तुझे ५३८० आणि ५३६० जुळणं हा योगायोग नाही कशावरून?"

हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता. पण उत्तर माहीत होतं. कनेक्टर तळाला आहेत, वॉशर खालून घातले, दोन्ही मोजमापांच्या मध्ये झाकणाला हात लागलेला नाही, असं सांगितलं. त्यांनी डबीचं चित्र काढून दाखवायला सांगितलं. कागदावर काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. मग प्रमुखांनी विचारलं, वॉशर घातल्याने शिखराची वारंवारिता हलली का. हलली होती, पिना मागे गेल्यावर थोडी वर सरकली होती. का, ते विचारल्यावर मी म्हटलं की पिनेची टोकं जिथे विद्युतक्षेत्र जोरदार आहे तिथे होती, तिथला धातू कमी झाला की वारंवारिता वाढते. ते म्हणाले, किती वाढली? आकडा पाठ नव्हता. "वहीत आहे, आणते," म्हटलं आणि उठून वही आणली.

पाच दिवसांनी निवड झाल्याचा मेल आला. त्याला एक फाइल जोडलेली होती: एकाच कॅव्हिटीची आठ वेगवेगळ्या पॉवरला घेतलेली मोजमापं, आणि खाली एक ओळ, येण्याआधी प्रत्येकाचा इंटर्नल क्यू काढून पाठव, कॅलिब्रेशनची फाइल वेगळी दिली आहे.